४.७९ ला कोण थांबलं?

शाळेने माझ्या मुलीला एका गुणाने फसवलं. अकरावीच्या गणिताच्या तुकडीत बसायला शाळेच्या चाचणीत नव्वद गुण लागत होते, तिला एकोणनव्वद दिले. उत्तर तिचं बरोबर होतं. गुण मिळाले ते चुकीच्या उत्तराला. हे आज मी शांतपणे लिहिते आहे. त्या दिवशी शांत नव्हते.

हा एक गुण आठवला की मला आधी शाळा दिसत नाही. तांबरमची दुपार दिसते. वीज गेलेली, पंखा थांबलेला, आणि स्टेशनवरची घोषणा वाऱ्याबरोबर अर्धीच खिडकीपर्यंत येऊन विरून जाते आहे. आमच्या वरच्या मजल्यावर टीचरम्मा राहतात. तंजावरच्या मराठी घरातल्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या बोलण्याला तमिळचा असा काही हेल आहे की त्या मराठीत बोलताहेत हे कळायलाच मला आठवडा लागला होता. त्यांच्या घरची तांबडी फरशी भर उन्हाळ्यातही गार असते. माझी लेक त्या फरशीवर पालथी पडून शिकायची, आणि मी भिंतीला टेकून, अर्धवट झोपेत, ऐकायची.

मी आठवीत शाळा सोडली. इचलकरंजीचं कापड इथे तमिळ मुलखात, टी. नगरच्या दुकानदारांच्या गळी उतरवत उभी राहिले. वर्गमूळ हा शब्द मी त्या फरशीवर पहिल्यांदा नीट ऐकला.

टीचरम्मांनी खडूने जमिनीवर एक लांबट चौकोन काढला. एक बाजू सहा, दुसरी पाच.

"तीस चौरस फुटांची खोली आहे कण्णा, बाळा. हिच्या चारी बाजू सारख्या कर. खोली मात्र तीसचीच राहू दे."

लेक विचार करत राहिली. मीच मध्ये बोलले, "एक पाच म्हणतोय, एक सहा म्हणतोय. साडेपाचला तोडा आणि मोकळे व्हा."

टीचरम्मा हसल्या. "तुझा सौदा झाला गे. पण खोली सारखी झाली का? साडेपाचने तीसला भागून बघ."

लेकीने भागलं. पाच दशांश पंचेचाळीस आणि पुढे काहीबाही. म्हणजे एक बाजू साडेपाच धरली तर दुसरी त्याहून जराशी आखूड. अजून खोली लांबटच होती, पण आता डोळ्यांना दिसणार नाही इतकी.

"खरं वर्गमूळ या दोघांच्या मध्ये बसलेलं असतं," टीचरम्मा म्हणाल्या. "एक त्याच्या वर, एक त्याच्या खाली. परत दोघांची सरासरी घे, परत भाग."

लेकीने घेतली. ५.४७७३. भागल्यावर ५.४७७२. मी उठून बसले. आधी अख्ख्या फुटाचं अंतर, मग अर्ध्या इंचाहून थोडं जास्त, आणि आता केसाएवढंही नाही. दोन माणसं अंधाऱ्या खोलीत हात पुढे करून एकमेकांकडे येताहेत आणि दर पावलाला अंतर नुसतं कमी होत नाही, कोसळतं आहे, असं काहीसं मला त्या उकाड्यात वाटलं. आयुष्यभर मी सौदे केले, पण समोरचा माणूस इतक्या झपाट्याने कधी जवळ आला नाही.

"आता किती वेळ असंच करायचं?" लेकीने विचारलं.

"तुला दशांशाची किती घरं हवीत? दोन? मग दोघांनाही दोन घरांपर्यंत जवळच्या आकड्यात लिही. दोघांचं सारखं आलं की पोदुम, पुरे. वेगळं आलं तर थकलीस तरी पुढं जायचं. सारखं आल्यावर पुढं जाणारा वेडा, आणि वेगळं असताना थांबणारा आळशी."

दोघांचं ५.४८ आलं. लेकीने पेन्सिल ठेवली. वीज आली, पंखा गरगरला आणि फरशीवरचे कागद उडाले. ते गोळा करताना ती हसत होती. गणितच घ्यायचं, हे तिने मला त्या संध्याकाळी जिन्यात सांगितलं.

दहावीनंतर शाळेने चाचणी घेतली. दोन गुणांचा प्रश्न होता: तेवीसचं वर्गमूळ दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक काढा. एक गुण पायऱ्यांचा, एक उत्तराचा. लेकीने पाच धरलं. तेवीसला पाचने भागून ४.६. सरासरी ४.८. तेवीसला ४.८ ने भागलं तर ४.७९१७. इथे एकाचं ४.८० आणि दुसऱ्याचं ४.७९, म्हणजे थांबायचं नाही. ती थांबली नाही. पुन्हा सरासरी, ४.७९५८. पुन्हा भागाकार, ४.७९५८. दोघांचंही ४.८०. तिथे तिने रेघ मारली.

उत्तराचा गुण कापला गेला. शाळेने ठरवलेल्या उत्तरसूचीत ४.७९ होतं.

पेपर बघायला मी आणि लेक गेलो. गणिताचे सर भले वाटले. त्यांनी पेपर पुढे सरकवला.

"मॅडम, हिला ४.८ मिळालं आणि हिने मागे एक शून्य चिकटवलं. घाई केली."

"नाही सर," लेक म्हणाली. "त्याखाली आणखी दोन ओळी आहेत."

सरांनी त्या ओळी पाहिल्या. "ही पद्धत आपण शिकवत नाही. आपली भागाकाराची."

"मग तुमच्याच पद्धतीने एक घर पुढे जा ना, सर."

ती अगदी हळू बोलली होती. सरांनी पेपरच्या कडेला मांडणी केली. चार, मग सात, मग नऊ. पेन क्षणभर थांबलं. पुढचा आकडा पाच आला, आणि खाली बाकीही उरली. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनाही दिसलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"उत्तरं आमच्या विभागाने ठरवलीत. सगळ्यांना तीच लावलीत. आता एकीसाठी बदलता येत नाहीत."

"एकीसाठी कशाला? सगळ्यांसाठी बदला!" मी टेबलावर हात आपटला. "थांबलात तुम्ही आणि आळशी माझी मुलगी?"

"मॅडम, हे टी. नगरचं दुकान नाही."

त्यानंतर मी काय काय बोलले ते लिहीत नाही. बाहेरच्या बाकावरचे पालक आत डोकावले. बोलणं गणितावरून माझ्या आवाजावर आलं, आणि तिथे मी हरले. धंद्यात मी अशी चूक करत नाही. लेक मात्र खाली बघत नव्हती. ती सरांच्या त्या मांडणीकडे बघत होती, अर्धवट सोडलेल्या खेळाकडे बघावं तशी.

आज ती वाणिज्य शाखेच्या वर्गात बसते. तक्रार नाही करत. दुपारी वर जाते, टीचरम्मांच्या फरशीवर पालथी पडते. जिन्यातून मला त्यांचे आकडे ऐकू येतात, दोन आवाज हळूहळू एका जागी येतात आणि गप्प होतात. मला झोप लागत नाही.

मला गुणांची भीक नको. ज्या विभागाने ती उत्तरं ठरवली त्यातल्या कुणीही एकाने समोर बसावं आणि ४.७९५ चा वर्ग करावा. तो २२.९९२०२५ येतो. तेवीसला अजून कमी पडतो. म्हणजे खरं वर्गमूळ ४.७९५ च्या पुढे, ४.८० च्या बाजूला आहे. यात मत नाही, पद्धत नाही, माझा आवाज नाही. मग पुढचं घर न बघता ४.७९ ला कोण थांबलं, आणि ते कळल्यावर पेनाला टोपण का लावलं? याचं उत्तर मला लेखी हवं आहे, सहीसकट. मला नाही दिलंत तरी चालेल, माझ्या मुलीला द्या.