कोरी बाटली निळी का झाली

बीडच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला माझ्या जोडीला चौसाळ्याची एक ताई होती. लग्न होऊन, दोन लेकरं झाल्यावर पुन्हा शिकायला आलेली. निजामाच्या वेळच्या त्या दगडी इमारतीत रंगाची गडदता मोजणारा कलरीमीटर एकच, अन् सकाळपासून मुलांची रांग.

त्या दिवशी पालीच्या धरणाच्या पाण्यात फॉस्फेट किती, ते काढायचं होतं. आम्ही वाढत्या प्रमाणाची पाच द्रावणं बनवली. फॉस्फेट नसलेली एक कोरी बाटली वेगळी. सगळ्यांत मोलिब्डेट अन् स्टॅनस क्लोराइड टाकलं. फॉस्फेट जितकं जास्त, तितका निळा रंग गडद, अन् तो दहा-बारा मिनिटांत मोजावा लागतो. नाहीतर उतरतो.

आमचा नंबर आला. मी लाल फिल्टर लावला, कोऱ्या द्रावणावर काटा शून्याला आणला अन् पहिलं द्रावण ठेवलं. काटा उलटा, शून्याच्याही खाली गेला!

"मशीनच बिघडलंय," मी वैतागून म्हणाले.

मागचा मुलगा ओरडला, "आटपा की! आमचा रंग चाललाय!"

पुन्हा शून्य, पुन्हा तेच. आलेखावर बिंदू मांडले तर ते कोंबड्यांना दाणे फेकल्यासारखे पसरले. त्यांतून सरळ रेघ कशी काढणार? सगळं ओतून दिलं, पुन्हा बनवलं, पुन्हा रांगेत उभ्या राहिलो. काटा पुन्हा उलटा. मला रडायला येत होतं.

शेवटी प्रॅक्टिकलच्या सरांना बोलावलं. त्यांनी मशीनकडे पाहिलंच नाही. कोरी बाटली पांढऱ्या कागदासमोर धरली. ती फिकट निळी होती, तरी पहिल्या द्रावणाहून गडद.

"हिच्यात फॉस्फेट आलं कुठून? बाटल्या कशानं धुतल्या?"

ताई अभिमानानं म्हणाली, "मीच घासल्या सर, धुण्याच्या पावडरनं. लई घाण होत्या. कोरी तर दोनदा घासली."

"अहो बाई, त्या पावडरीतच फॉस्फेट असतंय!"

मी कपाळाला हात लावला. ताईचा चेहरा पडला. "मला कुणी सांगितलंच न्हाई," ती हळूच म्हणाली. खरंच, सांगितलं नव्हतं. तरीही माझा राग जाईना.

मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं सगळं धुतलं, डिस्टिल्ड पाण्यानं चार वेळा विसळलं. तिसऱ्यांदा रांगेत. आता कोरी पाण्यासारखी स्वच्छ राहिली, अन् बिंदू एका रेषेत आले. पालीच्या पाण्याचं वाचन दुसऱ्या अन् तिसऱ्या द्रावणांच्या मध्ये बसलं. तिथून आलेखावर खाली उतरून मी प्रमाण वाचलं.

"किती आलं?" ताईनं विचारलं.

"थोडंच हाय," मी तुटकपणे म्हणाले.

तिची चौसाळ्याची बस केव्हाच गेली होती. पुढची बस येईपर्यंत आम्ही दोघी स्टँडवर बसलो, मी वहीत डोकं घालून. मग तिनंच डबा उघडला अन् अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली.