सिलिकॉनकाकांची डबी

आमच्या प्रयोगशाळेतल्या एक्स-रे यंत्राचे ऑपरेटर म्हणजे सिलिकॉनकाका. नाव आम्हीच ठेवलेलं. सकाळी आल्यावर काका चहालाही विचारत नाहीत. आधी ड्रॉवरमधून काळपट पावडरीची डबी काढणार, पातळ थर काचेने दाबून सपाट करणार आणि यंत्रात ठेवणार. ते सिलिकॉन, यंत्राची रोजची परीक्षा घ्यायला. पडद्यावरच्या आलेखात त्याचं शिखर अठ्ठावीस पूर्णांक चव्वेचाळीस अंशांवर उभं राहिलं, की काका खुर्चीत टेकतात. एकोणीस वर्षं हेच चाललंय. मी एकदा म्हटलं, "काका, ते कुठे पळून जाणार आहे का?"

"ते नाही पळत रे. आपण पळतो."

मी हसलो होतो. आता नाही हसत.

काकूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काकांनी दोन दिवस रजा घेतली. नेमका त्यातल्या दुसऱ्याच दिवशी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या ताईला शेवटचा नमुना मोजायचा होता. ताई म्हणजे माझ्याहून चार वर्षं आधीची संशोधक. तिचा प्रबंध त्याच आठवड्यात द्यायचा होता. तिची पावडर थराथरांची, थरांच्या मधे पाणी अडकलेलं. दोन थरांतलं अंतर सात पूर्णांक दोन अँगस्ट्रॉम, म्हणजे जेमतेम काही अणूंएवढं, आणि वर्षभर बरणीत राहूनही ते तेवढंच राहतं, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. त्यावर अख्खा एक धडा उभा होता.

यंत्र चालवायला मी होतोच. हुशारीला तोटा नव्हता. सिलिकॉन? एका दिवसाने काय बिघडतंय!

शिखर आलं चौदा पूर्णांक सत्तावीस अंशांवर. पडद्यावरचा कोन दुप्पट असतो, म्हणून त्याचं अर्धं घ्यायचं, त्याच्या साइनच्या दुपटीने एक्स-रेच्या तरंगलांबीला भागायचं, की थरांमधलं अंतर हाती. उत्तर आलं सहा पूर्णांक दोन.

"परत कर," ताई म्हणाली. परत तेच. त्याच थरांचं दुसरं शिखर निम्म्या अंतराचं यायला हवं; पाहिलं, तर तेही बरोब्बर तसंच, तीन पूर्णांक एक. म्हणजे मोजमाप आपल्या जागी चोख.

"पाणी उडालं," ताई हळूच म्हणाली. "थर बसले."

ताईच्या मार्गदर्शक सरांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला. "हा धडा काढावा लागेल. नवी बरणी, नवं वर्ष. उद्या संध्याकाळपर्यंत काय ते सांग." ताई रडली नाही. तिने फक्त टेबल आवरायला घेतलं. तिने टेबल आवरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, त्यामुळे जास्त घाबरलो.

दुसऱ्या दिवशी काका आले. आम्ही रडगाणं गायलं. ऐकता ऐकता त्यांनी डबी काढलीच.

"काका, जळतंय काय आणि तुम्ही करताय काय!"

"गप बस जरा."

सिलिकॉनचं शिखर आलं तेहेतीस पूर्णांक पंधरा अंशांवर. काका वळले. "सिलिकॉनचे थर सरकले म्हणायचे का आता? तरंगलांबी कोणती घातलीस?"

"तांब्याची. एक पूर्णांक पाच चार. नेहमीचीच."

"यंत्रातली एक्स-रेची नळी आता कोबाल्टची आहे. धातू बदलला की तरंगलांबी बदलते. लोहखनिजवाल्यांसाठी रजेआधी बदलली. दारावर एवढी मोठी चिठ्ठी लावून गेलो होतो!"

आम्ही तिघे दाराकडे पाहायला लागलो. दाराच्या खिळ्यावर माझा एप्रन लटकत होता. ताईने तो उचलला. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: कोबाल्ट, एक पूर्णांक सात आठ नऊ.

मी छताचं निरीक्षण सुरू केलं.

"पण काका," ताई म्हणाली, "दुसरं शिखरही निम्म्यावर जुळलं होतं."

"जुळणारच. पट्टीच चुकीची, तर सगळी मापं सारख्याच पटीत चुकतात. एकमेकांना साक्ष देतात लेकाची!"

ताईने तोपर्यंत कॅल्क्युलेटर ओढला होता. तोच कोन, फक्त तरंगलांबी नवी. "सात पूर्णांक दोन," ती म्हणाली. मग परत केलं, परत तेच आलं, आणि मग ती धपकन खुर्चीत बसली. "काका, पाणी आहे हो. आहे तिथेच आहे."

"असणारच. तू बरणी नीट बंद करतेस. काही लोक दार तेवढं झाकतात."

सरांनी नवे आकडे दोनदा पाहिले आणि म्हणाले, "धडा राहू दे. कोणत्या नळीवर मोजलं ते मात्र लिही." ताई सरांच्या खोलीतून बाहेर आली ती थेट माझ्या पाठीत धपाटा घालत. तिचं टेबल तासाभरात पुन्हा उकिरड्यासारखं झालं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

काका मात्र पक्कड घेऊन दाराशी उभे होते. खिळा उपटून त्यांनी माझ्या हातात दिला.

"एप्रन कुठे लावू मग?"

"अंगात घाल. त्यासाठीच असतो तो. आणि उद्या सकाळी डबी तू काढायचीस."