वर्षाचे महिने बारा

खंडेराव मास्तर नगरकडचे. पालघरच्या सहकारी प्रशिक्षण वर्गात ते वित्त शिकवायचे. हिशेबात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

चौसष्टच्या उन्हाळ्यात सातपाटीचा दामू वर्गात आला. तो तिथल्या एका लहानशा मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटीला मासळीसाठी बर्फाचं यंत्र घ्यायचं होतं. मास्तरांनी तेच गणित फळ्यावर घातलं. लहान यंत्र वीस हजारांचं, खर्च वजा जाता महिना साडेसातशे देणारं; मोठं अठ्ठेचाळीस हजारांचं, महिना दीड हजार देणारं. दोघांचं आयुष्य पाच वर्षं. पुढचा रुपया दहा टक्क्यांनी कापून आजच्या मोलाचा करायचा, म्हणजे वर्षाच्या मिळकतीला ३.७९१ने गुणायचं आणि किंमत वजा करायची.

दामूने मिळकत आठच महिन्यांची धरली. लहान यंत्राचे पैसे तीन वर्षं चार महिन्यांत परत, वर आजच्या मोलाने २,७४६ शिल्लक. मोठ्याला चार वर्षं लागत होती आणि २,५०८ची तूट येत होती. ‘लहान घ्यावं,’ असं त्याने खाली लिहिलं.

मास्तरांनी लाल शाईने लिहिलं, ‘वर्षाचे महिने बारा!’ आणि वर्गाला मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे खो खो हसले. दामू काही बोलायला उठला होता, तो तसाच खाली बसला. आठ का, एवढं साधं मास्तरांनी विचारलं नाही.

बारा महिने धरल्यावर लहान यंत्र १४,११९ देत होतं, मोठं २०,२३८. लहानाचे पैसे तरीही आधी सुटत होते. पण आधी सुटले म्हणजे जास्त मिळाले असं नव्हे, हे मास्तरांनी शिकवलंच होतं. दामूने गणित बारा महिन्यांनी पुन्हा करून ‘मोठं घ्यावं’ असं लिहिलं आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. तोच कागद त्याने सोसायटीच्या सभेत वाचला. बायकांनी गाठीचे पैसे काढून सोसायटीचे भाग विकत घेतले आणि मोठं यंत्र आलं.

दोन वर्षांनी, ऐन आषाढात, मास्तर सहज सातपाटीला गेले. होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या. बर्फाच्या शेडला कुलूप. पावसाळ्याचे चार महिने इथे समुद्रावर कुणी जात नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. ते दामूचं घर विचारत निघाले.

दामू घरी भेटला. सेक्रेटरीपद सुटलं होतं. आता तो तारापूरला बांधकामावर जात होता. यंत्र पडत्या भावात विकायला काढलं होतं. त्याची बायको हिरा चहा ठेवून आत गेली. तिचेही पैसे त्यात होते.

“दामू, तू बरोबर होतास. मला तेव्हाच सांगायचं होतंस रे!” मास्तर म्हणाले.

दामूने बशी पुढे सरकवली.

“तुमी शिकलेले, सर. मला वाटला, कागदावरचा वरीस निराळा आसल.”