पश्चात कोण?

इथं कानडी मुलखात आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निधनाची बातमी लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. हौसेनं घेतलेलं नाही. पूर्वी कुणीही काहीही टाकायचं, आणि स्मशान कुठलं हे कळेपर्यंत हात जोडलेल्या चित्रांच्या ढिगाखाली पत्ता गाडला जायचा. आता मी आधी घरच्यांना विचारते, एकच मजकूर टाकते आणि ग्रुप दिवसभर फक्त अ‍ॅडमिनपुरता ठेवते. लोक खडूस म्हणतात. म्हणोत.

गेल्या वर्षी जयनगरमधल्या एक निवृत्त शिक्षिका पहाटे घरीच वारल्या. लग्न केलं नव्हतं. निपाणीकडच्या एका मैत्रिणीबरोबर त्या कैक वर्षं राहत होत्या; ती त्यांना अक्का म्हणायची. मी पोचले तेव्हा मैत्रिणीनं डॉक्टरांचा दाखला घेऊन ठेवला होता आणि विद्युतदाहिनीची चारची वेळही नक्की केली होती. पुण्याहून एकुलता एक भाचा विमानानं निघत होता. विमानतळावरून जयनगरला यायला किती वेळ लागतो, तो धरूनच तिनं चार सांगितले होते.

मी तिथेच बसून मोबाइलवर लिहायला घेतलं. नाव, वय, पत्ता. अंत्यदर्शन दुपारी एक ते तीन. गल्ली अरुंद आहे, शक्यतो मेट्रोनं यावं. हार आणू नयेत. मग नेहमीचं वाक्य आलं, 'त्यांच्या पश्चात', आणि मी थांबले.

"भाच्याचं नाव घाला की," मैत्रीण म्हणाली. "मी काय अक्काच्या नात्याची नव्हे."

ती अगदी सरळ आवाजात बोलली. मला मात्र राग आला. दुपारी माणसं येणार, भाच्याचे हात हातात घेणार आणि हिच्याकडे पाणी मागणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

पण घरच्यांच्या होकाराशिवाय एक शब्द टाकायचा नाही, हा नियम माझाच. मी भाच्याला फोन लावला आणि 'पश्चात'मध्ये हिलाही घालू का, असं विचारलं. तो जरा घुटमळला.

"हाउसमेट लिहिलं तर?"

"हाउसमेट भाडं वाटून घेतात," मी म्हटलं. "यांनी तुमच्या मावशीला शेवटचे सहा महिने हातानं भरवलंय."

मागे बोर्डिंगची घोषणा चालली होती. "लिहा तुम्ही," तो म्हणाला. "आणि संपर्काला नंबरपण त्यांचाच द्या. मला तिथलं काय माहितीये?"

पाठवण्याआधी मी सगळा मजकूर तिला वाचून दाखवला. शेवटी, "त्यांच्या पश्चात त्यांची मैत्रीण आणि भाचा असा परिवार आहे."

"परिवार लिहिलंय?"

"हो."

"सरी," तिनं कानडीतून होकार दिला. "पाठवा."

मी पाठवलं. सकाळपासून सगळ्यांना वेळा सांगत फिरणारी ती बाई उठून आत अक्काजवळ गेली आणि मोठ्यानं रडली.