एजंटाबद्दल मला जे माहीत होतं

धुळ्यातल्या आमच्या सरकारी ऑफिसात उन्हाळा संपता संपता बदल्यांचे आदेश निघत आणि मग अर्धं ऑफिस खोल्या शोधत गावभर हिंडे. त्यावर तोडगा म्हणून आम्ही भाडेकरूंनी एक मंडळ काढलं होतं. मंडळ म्हणजे काय, तर कॅन्टीनच्या खिडकीला दोरीनं बांधलेली एक जाडजूड वही. डाव्या पानावर गरजूनं विचारायचं, उजव्या पानावर ज्याला माहिती असेल त्यानं सही करून उत्तर द्यायचं. वही सगळ्यांची, त्यामुळे वाचणारेही सगळे. चहाला येणारे एजंटसुद्धा ती चाळत बसत.

एका सोमवारी डाव्या पानावर नवीन अक्षर दिसलं. पिंपळनेरहून बदलून आलेल्या एका बाईंनी विचारलं होतं, की देवपुरातली अमुक एजंटानं दाखवलेली खोली घेऊ का? सातवा महिना चालू आहे, बाळंतपणाला आई येणार आहे, शनिवारी बयाणा द्यायचा आहे, कुणाला अनुभव असल्यास कळवावे.

मला अनुभव होता. चांगलाच होता. त्याच एजंटानं मला एक खोली दाखवली होती. सामान लावून झालं, देव मांडले, आणि संध्याकाळी घरमालक नाना भेटायला आले. म्हणाले, "पोरी, खोली दोनच महिने शे. मग मनी भाची येनार शे." दोन महिन्यांनी त्यांची भाची आली आणि मी पुन्हा टेम्पोत बसले. तेव्हापासून तो माणूस रस्त्यात दिसला की माझं डोकं फिरायचं. मी पेन काढलं आणि एका दमात पानभर उत्तर लिहून टाकलं, मात्र वहीत नाही, आधी कच्च्या कागदावर. लबाड, फसव्या, गावाला लुबाडणारा, काही शिल्लक ठेवलं नाही.

तो कागद मी आबांना दाखवला. आबा आमचे हेडक्लार्क, पूर्वी कोर्टात कारकून होते आणि वही त्यांच्या ताब्यात असे. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं आणि विचारलं, "खोली दोनच महिन्यांची हे त्याला माहीत होतं, हे तुला कसं माहीत?"

"नानाच म्हणाले ना, की त्यांनी एजंटाला सांगितलं होतं."

"म्हणजे नाना म्हणाले. तू ऐकलंस?"

"नाही."

"गावाला लुबाडलं म्हणतेस. गावातले कोण?"

दोघा-तिघांचं मी ऐकलं होतं. कुणाचं नाव घेता येईना. आबांनी ते शब्द पेन्सिलीनं खोडले. मग वहीची जुनी पानं उलटून एक चिकटवलेलं पान दाखवलं. त्यावर आमच्याच एकानं याच एजंटाला लफंगा म्हटलं होतं. वकिलाची नोटीस आली, पानावर कोरा कागद डकवावा लागला, दोन महिने वही कपाटात पडली.

ते पान कागद डकवण्याआधीच मी वाचलं होतं. हे मी आबांना सांगितलं नाही, पण आता सांगते. वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं, या दोघांचं काहीतरी वाजलेलं दिसतंय. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच एजंटाला बयाणा दिला होता.

हे आठवलं आणि माझा राग बाजूला राहून मला भलतंच कुतूहल वाटायला लागलं. राग, ऐकीव गोष्टी, अंदाज हे सगळं काढून टाकलं, तर या माणसाबद्दल मला खरोखर किती माहीत आहे? जेवणाच्या सुट्टीत मी बसून शोधत राहिले. फारच थोडं निघालं. शेवटी वहीत एवढंच लिहिलं:

"यांच्यामार्फत मी मागच्या वर्षी खोली घेतली. घरमालकांशी माझी पहिली भेट सामान लावल्यावर झाली. खोली दोनच महिन्यांसाठी आहे हे मला त्या भेटीत कळले. यांच्यामार्फत मी पुन्हा खोली घेणार नाही, हे माझे स्वतःपुरते मत. बयाणा देण्याआधी घरमालकांना स्वतः भेटावे आणि बाळंतपणाचे सांगावे. हवे असल्यास मी बरोबर येईन." खाली सही.

आबांनी दोनदा वाचलं. "आता छान," म्हणाले. मला ते अगदीच मिळमिळीत वाटत होतं.

पण बाई त्याच संध्याकाळी माझ्या टेबलाशी आल्या. पोटावर हात, चेहरा ओढलेला. म्हणाल्या, "ताई, येता का? एजंट म्हणतो मालकाला भेटायची गरज नाही, सगळं मी बघतो."

यात नवल नव्हतं. मालक आणि भाडेकरू समोरासमोर आले की आपली दलाली बुडेल, ही भीती सगळ्याच एजंटांना असते. म्हणून ते दोघांना शेवटपर्यंत लांब ठेवतात.

आम्ही शेजाऱ्यांना विचारत घर गाठलं. मालकीण अक्का ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि सुपातला हात थांबला.

"कितवा महिना शे?"

"सातवा."

अक्का ओशाळल्या. घरात मुलाचं लग्न होतं, दोन महिन्यांवर. घरात एकच मोरी, एकच नळ. हळद लागायच्या दिवसांत घरात बाळंतपणाचं सुवेर आलं तर देवकार्य कसं करायचं? एजंटानं त्यांना "दोन मान्सं शेत, नोकरीवाली" एवढंच सांगितलं होतं. "लेक, तू वाईट वाटी लेऊ नको," त्या म्हणाल्या, "पन त्या टायमाले मी तुले जाय म्हनतू." चहा मात्र आग्रहानं पाजला.

परत येताना बाई रस्त्यात थांबल्या आणि रडल्या. दहा दिवसांचं मूल हातांवर घेऊन खोली शोधायची वेळ आली असती, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. मला अक्कांचाही राग येईना. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

बुधवारी एजंट कॅन्टीनमध्ये वही उघडून बसलेला दिसला. मी गेले. भांडायची तयारी होतीच.

"यामा खोटं काय शे ते देखी ऱ्हायनू," तो बोट फिरवत म्हणाला. "काहीच नही." मग मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "पुन्हा खोली घेणार नाही, एवढं खोडा ना बाई."

"ते माझं मत आहे. ते राहील."

त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "नानांनी दोन महिन्यांचं मला सांगितलंच नव्हतं." खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. त्या वेळी पहिल्यांदा वाटलं, हे मला कधीच माहीत नव्हतं.

शुक्रवारी तो बाईंना आणि मला दुसऱ्या घरी घेऊन गेला. आधी मालकांकडे. मालकांच्या बायकोनं पोटाकडे पाहून पाणी तापवायचा बंब कुठे आहे ते दाखवलं. शनिवारी बयाणा झाला. पुढे मुलगी झाली, त्याच घरात बारसं झालं.

बयाण्यानंतरच्या सोमवारी एजंट पुन्हा माझ्यापुढे. वही हातात, चेहरा पडलेला. "बाई, हाईबी लिखी द्या."

लिहायचं माझ्या जिवावर आलं होतं. तो माणूस मला आवडत नव्हता, आणि आजही आवडत नाही. पण बाईंना घर मिळालं होतं आणि मी बरोबर गेले होते, डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्याच उत्तराखाली मी लिहिलं, "या वेळी घरमालकांची भेट बयाण्याच्या आधी करून दिली." आणि सही केली.