सर्वांत जीर्ण शिक्षक

नायगावात मध्यंतरी एक बातमी कानोकानी फिरत होती. शाळेतला क्लार्क वैजनाथ, दोन लेकींचा बाप, दर चार-आठ दिवसांनी संध्याकाळी एस.टी. स्टँडच्या मागच्या भिंतीला पाठ लावून फोनवर कुण्या बाईशी हळू आवाजात बोलतो. पानटपरीवाल्याने तर स्वतःच्या कानाने ऐकलं होतं. वैजनाथ म्हणत होता, "हे कसं लागतं कानाला? खरं सांगा. मनात ठेवू नका." आता एवढं ऐकल्यावर नायगाव गप्प बसेल का? बाई किनवटकडची आहे इथपर्यंत शोध लागला होता. कुणी म्हणालं, वैजनाथच्या बायकोने, सिंधुने, त्याला जेवण देणं बंद केलंय. ते खोटं होतं, कारण माणूस अंगाने भरतच चालला होता.

वैजनाथ कोण, ते आधी सांगतो. शाळेत हजेरीपट आणि पगारबिलं करणारा हा माणूस, पण तालुक्यात त्याला ओळखत ते मानपत्रासाठी. आपल्याकडे मास्तर, ग्रामसेवक, तलाठी कुणीही रिटायर झाला की शाल, नारळ, फेटा आणि मानपत्र हे चुकत नाही. मानपत्र आधी माईकवर वाचतात, मग फ्रेम करून हातात देतात, आणि ती फ्रेम त्या घरच्या पुढच्या खोलीत आयुष्यभर टांगलेली राहते. येणारा पाहुणा चहा येईस्तोवर तीच वाचतो. तर अशा निम्म्या तालुक्याच्या भिंतींवर वैजनाथचा मजकूर होता. पाहुण्यांकडे गेला की हा आधी भिंतीकडे बघायचा, मग माणसांकडे.

मग किनवटच्या आश्रमशाळेतून धम्मप्रिया मॅडम बदलून आल्या. मराठी शिकवायच्या, सूत्रसंचालन करायच्या. एका शिपायाच्या निरोपाला त्यांनी चार ओळी लिहिल्या: "शाळेची घंटा आम्हा सगळ्यांना ऐकू यायची. ती वाजवणारा माणूस आमच्या आधी कधी उठला, हे कुणी विचारलं नाही." शिपाई रडला, त्याची बायको रडली, गटशिक्षणाधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. वैजनाथही टाळ्या वाजवत होता, पण आवाज येऊ नये अशा बेताने.

त्यानंतर लोक मानपत्रासाठी मॅडमकडे जाऊ लागले. वैजनाथच्या पोटात असं काही दुखायला लागलं की ओव्याने थांबेना. घरी भाकरी मोडता मोडता म्हणायचा, "लई शब्द हायेत त्या बाईकडं. म्हणून लोक भुलून राहिले."

सिंधु म्हणायची, "आहो, त्यात कोणता शब्द तुम्हाला येत नव्हता? घंटा येत नव्हता का उठला येत नव्हता?"

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मला न्हाई कळत. पण मला रडू आलं होतं."

हे तर फारच लागलं. स्वतःच्या मानपत्रांवर घरची बाई कधी रडली नव्हती.

अशात ग्यानोबा गुरुजींचा सेवापूर्ती सोहळा ठरला. गुरुजींनी वैजनाथला लहानपणी शिकवलेलं, शाळेत चिकटवलेलंही त्यांनीच. ते स्वतः म्हणाले, "सूत्रसंचालन मॅडम करतील. मानपत्र मात्र आमच्या वैजनाथचंच." वैजनाथला आभाळ ठेंगणं झालं. आता बाईच्याच तोंडून आपला मजकूर वाचला जाणार, आणि लोकांनी म्हणायला पाहिजे की मानपत्र लिहावं तर वैजनाथनं. हे साधलं तर गेलेलं गिऱ्हाईक परत येणार होतं. नाही साधलं तर पुढं पगारबिलं होतीच.

पहिल्या बैठकीत त्याने लिहिलं ते असं होतं: "गुरुजी आमच्या शाळेतले सर्वांत जुने शिक्षक. शिस्तीचे कडक, मनाचे मऊ. गरिबांच्या मुलांना त्यांनी जवळ केलं. घाम गाळून ही शाळा उभी केली. इतकी वर्षं मनापासून काम केलं." वाचून त्याला वाटलं, हे तर कुणीही लिहील. मग नांदेडला जाऊन वजिराबादेतून समानार्थी शब्दांचा एक जाडजूड कोश घेऊन आला. बाईच्या शब्दांना शब्दांनीच गाठायचं होतं. एकेक साधा शब्द काढला, कोशात त्याच्या रांगेत उभा असलेला सगळ्यांत भारदस्त उचलला आणि त्या जागी बसवला. दोन संध्याकाळी हेच चाललं होतं. सिंधुला वाटलं नवरा परीक्षेला बसतोय.

सोहळ्याच्या सकाळी मॅडमनी वाचायचा सराव करावा म्हणून कागद मागून घेतला. फ्रेम तयार होऊन मंचावर ठेवलेली होती. थोड्या वेळाने त्या ऑफिसात आल्या. वैजनाथ हार मोजायचं सोंग करत बसला होता.

"वैजनाथभाऊ, दोन-तीन ठिकाणी अडखळायला होतंय. बोलू का?"

"बोला की."

"'सर्वांत जीर्ण शिक्षक'. जीर्ण कुठून आला?"

"कोशात हाय. जुना, पुराणा, जीर्ण. एकाच रांगेत."

"रांगेत आहेत म्हणून एकाची जागा दुसऱ्याला चालत नाही हो. कोश एवढंच सांगतो की यांचा अर्थ जवळपासचा. कुणाशेजारी बसतात ते सांगत नाही." त्यांनी मोबाईल काढून 'जीर्ण' टाकला आणि त्याच्यापुढे केला. "लोकांनी हा शब्द कुठं वापरलाय ते बघा. जीर्ण इमारत. जीर्ण वस्त्र. जीर्ण मंदिर. दहा वाक्यं वाचा, एकात तरी माणसाचा मान करायला वापरलाय का? जो पडायला आला, विरला, त्यालाच म्हणतात."

वैजनाथने बघितलं. बघितलं तरी पटवून घ्यायचं नव्हतं. बाईला आपलं मानपत्र मोडायचंय, ही खूणगाठ त्याने आधीच बांधली होती.

"बरं, आणखी?"

"'स्वेद ढाळून.' आपण घाम गाळतो आणि अश्रू ढाळतो. या जोड्या लोकांनी बोलून बोलून बसवल्यात, त्यातला एक बदलला की दुसरा उघडा पडतो. 'शिस्तीचे टणक' वाचताना मला सुपारी आठवली. आणि 'दरिद्री बालकांना निकट केलं', हे मात्र काढाच. गरीब म्हटलं की परिस्थिती कळते. दरिद्री ऐकताना शिवी वाटते. समोर तेच पालक बसणारेत."

"सगळंच चुकलं म्हणा की."

"तसं कुठं. 'काम केलं' न म्हणता 'सेवा केली' म्हटलंत ना, ते बरोबर बसलंय. निरोपाला तोच शब्द लोकांच्या तोंडात असतो. शब्द बदलू नये असं नाहीच. पण नवा शब्द घेतला की आधी दुसऱ्यांच्या वाक्यांत बघायचा, कोण कुणाला म्हणतं ते बघायचं, मग आपल्या वाक्यात घालून मोठ्यानं वाचायचं. जीभ अडली की जुना शब्द परत. मी सगळं तसंच करते. अजून वेळ आहे, कागदावर बदल करू, तो मी वाचते. फ्रेम नंतर दुसरी करता येईल."

"फ्रेम झाली मॅडम. जसं लिवलंय तसंच वाचा. तुमचं लेखन तुमच्यापाशी."

मॅडमनी कागदाची घडी घातली. "ठीक आहे," म्हणाल्या आणि गेल्या.

दुपारी मांडव भरला. गुरुजी फेटा बांधून, शेजारी नागुबाई नवी पैठणी सांभाळत बसलेल्या. मॅडमनी मानपत्र वाचलं. शब्दाशब्दाला न्याय देऊन, चेहऱ्यावर एक रेघ न हलवता वाचलं. वैजनाथ पहिल्या रांगेत बसला होता. बाई कुठं खोडी काढते याचीच तो वाट बघत होता. तिने काढली नाही, हेच त्याला जास्त झोंबलं.

"सर्वांत जीर्ण शिक्षक" म्हणताच मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. नागुबाई शेजारणीकडे वळल्या. माईक जवळच होता.

"जीर्ण म्हंजे? लुगडं इरतं तसं का?"

शेजारीण म्हणाली, "तसंच असंल. वर्षं लई झाली न्हवं."

"मग धुवायला जपून घ्यावं लागंल आमच्या मालकाला."

मांडव फुटला. गुरुजीही हसले. इथवर सगळं निभावलं असतं. पण मग दरिद्री बालकं आली. व्यंकट नावाचा एक पालक, गुरुजींचाच विद्यार्थी, आता हदगावला कापसाचा व्यापार करतो. तो जागेवरच उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"गुरुजी, तुमच्या घरी जेवून शिकलो मी. आम्ही गरीब होतो. दरिद्री न्हवतो."

मांडवात कुणी हसलं नाही. गुरुजींनी मान खाली घातली. त्यांना मान द्यायचा दिवस, आणि त्यांनीच शिकवलेल्या पोराची मान खाली गेली. वैजनाथला तेव्हा कळलं की फ्रेम कुणाच्या भिंतीवर जाणार आहे आणि कोण कोण चहा येईस्तोवर ती वाचणार आहे.

कार्यक्रम संपल्यावर त्याने मंचावरची फ्रेम स्वतःच उचलली. गुरुजींना म्हणाला, "काच तडकलीय. बदलून आणतो." काच शाबूत होती. गुरुजी म्हणाले, "आण बाबा. घाई न्हाई." व्यंकटला त्याने मोटारसायकलपाशी गाठून हात धरला. काय बोलला ते कुणी ऐकलं नाही, पण व्यंकटने चहाला नाही म्हटलं नाही.

आठवड्याने नवी फ्रेम गुरुजींच्या पुढच्या खोलीत लागली. मी पाहिलीय. जुने शिक्षक, घाम, गरीब, सगळे घरी परतलेत. सेवा तेवढी नवी राहिलीय. खाली एक ओळ जास्तीची आहे: "ज्याच्या घरी चूल पेटली नाही, त्याला गुरुजींच्या घरचं ताट ठाऊक होतं." ही ओळ वाचून सिंधुने डोळ्याला पदर लावला. वैजनाथ दारात उभा राहून बघत होता. तो कुणावर एवढा खूश झालेला गावाने कधी पाहिला नव्हता.

मॅडमचा हेवा मात्र गेला नाही. गेल्या महिन्यात नायगावच्या ग्रामसेवकाने निरोपाचं मानपत्र मॅडमकडून लिहून घेतलं, तर वैजनाथ दोन दिवस भाजीला मीठ कमी आहे म्हणून भांडला. मीठ बरोबर होतं. तो कोशही अजून वापरतो. फक्त कोशातून काढलेला शब्द आता तसाच कागदावर जात नाही.

सोहळ्यानंतर स्टँडमागच्या भिंतीला टेकून वैजनाथ फोन करायचा तो धम्मप्रिया मॅडमना. नवं वाक्य लिहिलं की त्यांना वाचून दाखवायचा आणि अडलेला शब्द बदलायचा. शाळेत चारचौघांसमोर विचारायची लाज वाटायची, आणि घरून करत नव्हता, कारण जिच्या नावाने रोज खडे फोडतो तिलाच विचारतो हे सिंधुला कळू द्यायचं नव्हतं.