बसऱ्याला पाठवलेला अर्ज

आमचे हे हिंगोलीत कापसाच्या जिनिंगवर तेलाचं इंजिन चालवायचे. हंगाम संपला की जिन बंद, आणि सहा महिने हे घरी. ह्यांच्या एका सोबत्यानं बसऱ्याहून कळवलं, इथल्या एका खजुराच्या व्यापाऱ्याला बागेच्या पंपावर माणूस पाहिजे. पेढीवरच्या कारकुनाला अर्ज इंग्रजीत लागतो, पण मालक फक्त अरबी वाचतो, म्हणून सोबत अरबीही धाडा.

इंग्रजी अर्ज हेडमास्तरांनी लिहून दिला. अरबीसाठी ह्यांनी शाळेतल्या मौलवीसाहेबांना गाठलं. ते सकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि एकेक ओळ वाचून, ह्यांना नेमकं काय म्हणायचंय ते विचारत अरबीत लिहू लागले. मी आत जोंधळे निवडत होते.

लिहून झालेला कागद ह्यांच्या हातात आला. ह्यांचं शिक्षण उर्दूतलं; लिपी ओळखीची, म्हणून बोट ठेवून वाचू लागले.

"मौलवीसाहेब, माझा तजुर्बा कुठं गेला? काहून लिहिला न्हाई?"

मौलवीसाहेब हसले. "उर्दूत तजुर्बा म्हणजे अनुभव, बराबर आहे. पण अरबाला त्यातून करून पाहणं, अजमावणं, असंही वाटतं. तो म्हणेल, हा अजून इंजिन अजमावूनच राहिला. म्हणून मी 'खिब्रा' लिहिलं. हातात मुरलेल्या कामाला तिकडं तोच शब्द."

मग त्यांनी आणखी समजावलं. मास्तरांनी शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक' लिहिलं होतं. ती इंग्रजीची रीत. अरबीत शब्दाला शब्द ठेवला तर घरगडी वाटेल, म्हणून तिथं त्यांनी आदर कळवणारी तिकडची रिवाजाची ओळ घातली होती. घरच्या गरिबीचं एक वाक्य मात्र त्यांना खटकत होतं. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, शब्द दुसरा घालता येईल, पण कामाच्या अर्जात हे हवंच का, असं त्यांनी विचारलं. स्वतःहून मात्र ते खोडायला तयार नव्हते. मूळ तुमचं, ठरवा तुमी, म्हणाले. ह्यांनी थोडा विचार केला आणि दोन्ही कागदांतून ते काढायला सांगितलं. मास्तरांकडून इंग्रजी पुन्हा लिहून घेतलं.

अरबीत 'गरीब'मधला घशातला ग आहे, पण आपला साधा ग नाही, त्यामुळं आमचं गाव 'हिंकोली' झालं होतं. उत्तर भलतीकडं जाऊ नये म्हणून मौलवीसाहेबांनी पत्ता इंग्रजी अक्षरांतही लिहायला लावला.

पुढं बरेच दिवस काहीच आलं नाही. सासूबाई म्हणू लागल्या, गेला कागद समुद्रात. मग एका दुपारी पाकीट आलं. हे पायांत चपला न घालताच मौलवीसाहेबांकडं गेले. मी उंबऱ्यात उभी राहिले. परत आले ते सावकाश चालत. बोलावलं होतं, काम तेच, पंपाचं, आणि राहायची सोय मालकाची.

ह्यांनी हे सांगितलं, तांब्याभर पाणी प्याले आणि तिथंच ओसरीवर आडवे झाले. जिन बंद झाल्यापासून, काळजीपायी, दिवसा झोपलेलं मी ह्यांना पाहिलं नव्हतं. सासूबाईंना मी खुणेनंच हळू बोलायला सांगितलं.